पगार लांबणार आहे, मग तारीख सांगा

‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव चालू महिन्याचे वेतन अदा करण्यास विलंब होत आहे. वेतन लवकरात लवकर अदा करण्यात येईल. तरी सर्वांनी सहकार्य करावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. – व्यवस्थापन.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत, खासगी शाळेत किंवा छोट्या रुग्णालयात काम केलेल्या माणसाने ही नोटीस कधी ना कधी वाचलेली असते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण साचा हाच. टाइम ऑफिसच्या संगणकात ती तयारच असते. तारीख बदलायची, छापायची, शिक्का मारायचा आणि फळ्यावर लावायची.

ही नोटीस वाचून झाल्यावर कामगाराच्या हाती काय लागतं, ते पाहा. पगार आज होणार नाही, एवढंच त्याला समजतं, आणि ते त्याला खात्यात पैसे आले नाहीत तेव्हाच समजलेलं असतं. पगार कधी होणार, पूर्ण होणार की अर्धा, ओव्हरटाईमचे पैसे त्यात असणार का, कंपनी अडचणीत आहे का, घरी तातडीची गरज असेल तर कोणाला भेटायचं, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मग उत्तरं चहाच्या टपरीवर तयार होतात. ‘मालकाने दुसरीकडे जागा घेतली, पैसे तिकडे गेले’ इथपासून ‘दिवाळीपर्यंत कंपनी बंद’ इथपर्यंत. अफवा पसरवणाऱ्याला आपण दोष देतो, पण रिकामी जागा नोटिशीनेच सोडलेली असते.

चांगली नोटीस कशी लिहायची हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण अशा कारखान्यांमध्ये नेहमी येणारी आहे.

भोसरीतला एक कारखाना धरा. मोटारींना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तिथे बनतात. माणसं 62. त्यांतल्या 40 जणांच्या हातात महिन्याला साधारण 16 हजार पडतात, 14 जणांच्या 24 हजार आणि सुपरवायझर, अकाउंटंट, डिझाइनवाले अशा 8 जणांच्या 45 हजार. म्हणजे महिन्याचा पगार 13 लाख 36 हजार. ऑगस्टचा पगार सप्टेंबरच्या 7 तारखेला, सोमवारी व्हायचा आहे आणि 14 तारखेला गणपती बसणार आहेत. कारखान्यात काम भरपूर आहे, दोन शिफ्ट चालू आहेत, गाड्या भरून माल जातो आहे. तरी बँकेत पैसे नाहीत.

असं का होतं, हे कामगाराला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्याचा विश्वास बसत नाही. ‘रविवारीसुद्धा बोलावतात आणि म्हणे पैसे नाहीत!’ त्याचा संशय स्वाभाविक आहे. पण माल गेला म्हणजे पैसे आले असं नसतं. मोठ्या कंपन्या पुरवठादारांची बिलं महिन्यातल्या ठरलेल्या तारखांनाच चुकती करतात. आपल्या उदाहरणातला ग्राहक 10 आणि 25 तारखेला करतो. 25 ऑगस्टला त्याच्याकडून दोन बिलांचे 21 लाख यायचे होते. माल पोचला होता, पण त्यांच्या गोदामात माल मिळाल्याची संगणकीय नोंद अडकली. नोंद नाही म्हणून बिल मंजूर नाही आणि बिल मंजूर नाही म्हणून 25 तारीख हुकली. आता पुढची तारीख 10 सप्टेंबर. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा कच्चा माल घेण्यातच वापरून झालेली. घरची मुदत ठेव आधीच त्या कर्जाला तारण.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैसे आले नाहीत हे मालकाला 26 ऑगस्टलाच कळलं होतं. ग्राहक मधल्या तारखेला खास बाब म्हणून पैसे सोडणार नाही, हे 2 सप्टेंबरपर्यंत स्पष्ट झालं. तरी नोटीस लागते ती 7 तारखेला, संध्याकाळची शिफ्ट सुटताना. मधले दिवस मालक ‘काहीतरी जमेल’ या आशेवर काढतो. त्याची धडपड खोटी नसते. पण त्या दिवसांची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं.

कामगाराच्या खात्यातून हप्ता जातो तो 5, 7 किंवा 10 तारखेला. दुचाकीचा, मोबाइलचा, बचतगटामार्फत घेतलेल्या कर्जाचा, घराचा. 1 ऑगस्ट 2021 पासून ही आपोआप वजावट करणारी यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते, त्यामुळे ‘रविवार आहे, आज हप्ता जाणार नाही’ ही जुनी सवलतही संपली. खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो, त्याचा दंड स्वतःची बँकही घेते आणि कर्ज देणारी कंपनीही घेते, आणि उशीर फार लांबला तर त्याची नोंद कर्जाच्या इतिहासात जाते. 3 तारखेला कळलं असतं तर त्याने मेहुण्याकडून चार हजार आणून खात्यात ठेवले असते. 7 तारखेला संध्याकाळी कळून त्याचा काही उपयोग नाही. म्हणून नोटिशीतली पहिली सुधारणा मजकुराची नाहीच, ती वेळेची आहे. पूर्ण पगाराचे पैसे 7 तारखेला नसतील हे ज्या दिवशी नक्की झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस लागली पाहिजे. आपल्या उदाहरणात ती गुरुवारी, 3 सप्टेंबरला.

आता तारखेचं काम. नोटिशीत तारीख लिहायला मालक घाबरतात, आणि त्यामागे कारण आहे. एकदा लिहिलेली तारीख चुकली की दुसऱ्या नोटिशीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण त्यावरचा उपाय तारीख गाळणं हा नव्हे. तारीख नीट काढणं हा आहे.

बहुतेक जण तारीख काढतात ती आशेवरून. ग्राहक 10 ला देणार, मग लिहा 10. पण पैसे ग्राहकाच्या खात्यातून निघून आपल्या खात्यात यायचे आहेत. मग अकाउंटंट पगाराची फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवणार, एकाने भरलेली फाइल दुसऱ्या अधिकृत माणसाने मंजूर करायची, आणि बहुतेक कारखान्यांत तो दुसरा माणूस म्हणजे मालक स्वतः, जो त्या वेळी ग्राहकाच्या दारात बसलेला असू शकतो. फाइलमध्ये दोनचार खाते क्रमांक चुकलेले निघतात, ते परत येतात. ग्राहकाने 10 तारखेला संध्याकाळी 7 वाजता पैसे सोडले, तर कामगाराच्या खात्यात ते शुक्रवारी, 11 ला दुपारनंतर पडतील असं धरणं शहाणपणाचं.

आणि कॅलेंडर उघडून पाहिलं की आणखी एक अडचण दिसते. 12 तारखेला दुसरा शनिवार, मग रविवार, मग सोमवारी गणेश चतुर्थी. पैसे खात्यात असतील तर सुट्टीने अडत नाही, कारण एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं. ‘बँकेला सुट्टी असल्याने पगार उशिरा’ हे कारण म्हणूनच आज सहसा टिकत नाही, आणि मोबाइलवरून रविवारी घरी पैसे पाठवणाऱ्या कामगाराला ते कळतं. पण पैसे उभे करायला बँकेतला माणूस लागणार असेल, तर 11 चुकल्यावर पुढचा कामाचा दिवस थेट मंगळवार, 15. म्हणजे एका दिवसाची चूक चार दिवसांची होते आणि सण मधेच निघून जातो.

मग 11 तारीख लिहावी का? ती एकाच ग्राहकाच्या भरवशावर उभी असेल तर लिहू नये. मालकाने 27 ऑगस्टलाच बँकेकडे तात्पुरत्या वाढीव मर्यादेचा अर्ज केलेला असेल, आणि शाखाधिकाऱ्याने 9 तारखेला विभागीय कार्यालयाचं उत्तर येईल असं सांगितलं असेल, तर त्या तारखेला दुसरा आधार मिळाला. ग्राहक चुकला तर बँक, बँक नाही म्हणाली तर ग्राहक. दोन्ही एकदमच फसण्याची शक्यता कमी, पण ती शून्य नाही. त्यासाठी नोटिशीत दुसरी तारीख घालावी लागते, आणि ती घालायची बहुतेकांना सुचत नाही. पगाराची तारीख 11, आणि पुढची माहिती देण्याची तारीख बुधवार, 9, दुपारी 4 वाजता. त्या दिवशी सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी येऊन तेवढं सांगायचं. पगाराची तारीख पूर्णपणे आपल्या हातात नसते, ही दुसरी तारीख मात्र असते. ती पाळली की पहिलीवर विश्वास बसतो.

आता हातातल्या पैशांचं काय? आपल्या मालकाच्या खात्यात, विजेचं बिल बाजूला ठेवून, 7 तारखेला 7 लाख 10 हजार असतील. यातून प्रत्येकाला अर्धा पगार देता येतो, त्याला 6 लाख 68 हजार लागतील. किंवा 16 हजारवाल्या 40 जणांचा पूर्ण पगार होतो, त्याला 6 लाख 40 हजार लागतील आणि उरलेल्या 22 जणांचे 6 लाख 96 हजार राहतील. अर्धा अर्धा देणं वरकरणी समान वाटतं. पण 8 हजारात खोलीचं भाडं आणि हप्ता भागला की 16 हजारवाल्याकडे किराण्याला काही उरत नाही, आणि 45 हजारवाल्याला 22 हजारात चार दिवस काढता येतात. माझं मत पहिल्यापासून दुसऱ्या पर्यायाकडे आहे. लहान पगार आधी आणि पूर्ण. मात्र हे नियम म्हणून नोटिशीत लिहिलं पाहिजे. नाही तर ‘ह्याचा झाला, माझा का नाही’ यातून वेगळंच भांडण उभं राहतं. आणि ज्या 22 जणांना थांबायचं आहे त्यांना ते फळ्यावर वाचून कळू नये. त्यांना नोटीस लागण्याआधी मालकाने स्वतः बोलावून सांगावं. 62 जणांना एकेकटं सांगणं अवघड, 22 जणांना शक्य आहे.

कारण किती सांगायचं, हा पुढचा प्रश्न. ग्राहकाचं नाव लिहायची गरज नाही. ते लिहिलं तर तो कागद फोटो होऊन त्या ग्राहकापर्यंत पोचतो आणि पुढची ऑर्डर धोक्यात येते. लघुउद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे मिळावेत आणि नाही मिळाले तर व्याज मिळावं, असा कायदा 2006 पासून आहे. तरी पुरवठादार बहुधा गप्प बसतो, ते ह्याच भीतीने. पण ‘एका मोठ्या ग्राहकाकडून दोन बिलांचे पैसे 25 ऑगस्टला यायचे होते, ते आता 10 सप्टेंबरला येणार आहेत’ एवढं सांगायला काहीच हरकत नाही. हे खरं आहे, पडताळता येण्यासारखं आहे आणि कामगार ते लगेच समजतो, कारण माल भरून देणारा तोच आहे. खोटं कारण इथे टिकत नाही. बँकेचा सर्व्हर बंद होता असं लिहिलं, तर अकाउंटच्या टेबलावरून खरी गोष्ट संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये येते.

कारण सांगताना ग्राहकावर सगळं ढकलूनही चालत नाही. कामगाराने काम मालकाकडे केलं आहे, ग्राहकाकडे नाही. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्याआधीच्या 1936च्या वेतन प्रदान कायद्यातही हजारपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांना हीच तारीख होती. ग्राहकाने पैसे दिले नाहीत म्हणून ही तारीख पुढे जात नाही, आणि नोटीस कितीही चांगली लिहिली तरी उशीर कायदेशीर होत नाही. काही ठिकाणी अशा वेळी कामगारांकडून ‘उशिराबद्दल माझी हरकत नाही’ अशा कागदावर सह्या घेतात. वेळेवर पगार मिळण्याचा हक्क असा सहीने सोडून देता येत नाही. तो कागद मालकाला वाचवत नाही, फक्त माणसं दुखावतो. म्हणून ‘सहकार्य करावे’ ही ओळ नोटिशीतून काढून टाकावी. ज्याचे पैसे आपल्याकडे आहेत त्याच्याकडे आणखी सहकार्य मागायचं नसतं. त्या जागी चूक आपली आहे हे सरळ लिहावं.

दिलासा कशाने मिळतो? ‘काळजी करू नका’ या शब्दांनी नाही आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ यानेही नाही. पगार थांबला की कामगाराच्या मनात जे नेमके प्रश्न येतात त्यांची उत्तरं मिळाली की मिळतो. ओव्हरटाईम कापणार का? प्रॉव्हिडंट फंड भरणार का? त्याची आणि राज्य विम्याची वर्गणी दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते आणि पगार लांबला म्हणून ती लांबत नाही. मालकाने ती भरायची सोय केली असेल तर तसं लिहावं, केली नसेल तर लिहू नये. सप्टेंबरच्या पगाराचं काय? हातात ऑर्डर कुठपर्यंत आहे? यांतलं जे ठाऊक आहे ते सांगायचं, जे नाही त्यावर गप्प राहायचं. एक खोटा दिलासा बाकीच्या सगळ्या खऱ्या ओळींनाही खोटं पाडतो.

आणि ज्याला थांबणं शक्यच नाही, त्याची सोय. दवाखाना, मुलाची फी, हप्ता. कारखान्यांत उचल द्यायची पद्धत पूर्वीपासून आहे. आपल्या उदाहरणात 40 पगार देऊन 70 हजार उरतात, ते यासाठी बाजूला ठेवता येतात. पण उचल मागायला सगळ्यांदेखत टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभं राहावं लागणार असेल तर खरा गरजू येत नाही. म्हणून एका माणसाचं नाव, फोन आणि वेळ लिहावी. हप्ता परत गेल्याचा दंड कंपनी भरून देईल, हेही लिहावं. रक्कम मोठी नसते, पण उशिराची किंमत कोणाच्या खिशातून जाणार हे त्यातून कळतं.

एवढं सगळं धरून नोटीस लिहिली तर ती अशी होईल :

‘दिनांक 3 सप्टेंबर. ऑगस्टच्या पगाराबद्दल.

ऑगस्टचा पगार 7 तारखेला सर्वांना एकदम देता येणार नाही. आपल्या एका मोठ्या ग्राहकाकडून 25 ऑगस्टला यायचे पैसे आले नाहीत. ते आता 10 सप्टेंबरला येणार आहेत. पगार वेळेवर देणं ही कंपनीची जबाबदारी आहे आणि या वेळी ती आमच्याकडून पूर्ण होत नाही, याबद्दल मी सर्वांची माफी मागतो.

ज्यांच्या हातात येणारा पगार 20 हजारांपर्यंत आहे, त्यांचा पूर्ण पगार, ओव्हरटाईमसह, सोमवारी 7 तारखेलाच जमा होईल. बाकी सर्वांचा पूर्ण पगार शुक्रवारी 11 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत जमा होईल. ग्राहकाचे पैसे चुकले तर अडू नये म्हणून बँकेकडेही अर्ज केला आहे. मी स्वतः सर्वांचा पगार झाल्यावरच पगार घेईन.

बुधवारी 9 तारखेला दुपारी 4 वाजता, दोन्ही शिफ्ट असताना, मी कँटीनमध्ये येऊन काय झालं ते सांगेन. 11 तारखेत काही बदल होण्याची शक्यता दिसली तर ती त्याच वेळी सांगेन.

कोणाच्याही पगारातून काहीही कापलं जाणार नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि राज्य विम्याचे पैसे 15 तारखेच्या आत भरले जातील. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांचा पगार 7 तारखेलाच होईल, तशी रक्कम ठेकेदाराला दिली आहे.

ज्यांना 11 तारखेपर्यंत थांबणं शक्य नाही, त्यांनी खाली दिलेल्या नंबरवर फोन करावा किंवा अकाउंट विभागात दुपारी 2 ते 5 या वेळात भेटावं. उचल त्याच दिवशी मिळेल आणि बोलणं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. या उशिरामुळे कोणाचा हप्ता परत गेला, तर बँकेचा दंड पासबुक दाखवून कंपनीकडून घ्यावा.’

खाली मालकाची सही, पूर्ण नाव आणि अकाउंटंटचं नाव व नंबर. ‘व्यवस्थापन’ नावाचा कोणी माणूस कारखान्यात नसतो, त्यामुळे त्याची माफीही कोणाला पोचत नाही.

या मजकुरातली ठेकेदाराची ओळ मुद्दाम घातली आहे. फळ्यावरच्या नोटिशींमध्ये ठेकेदाराची मुलं कधीच नसतात. ती कंपनीच्या पटावर नाहीत म्हणून त्यांना कोणी सांगत नाही, आणि सगळ्यांत कमी पगार त्यांचाच असतो. ठेकेदाराने त्यांचे पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पण ती ओळ लिहायची तर आधी रक्कम खरोखर दिलेली असली पाहिजे. त्या रकमेची तजवीज नसेल तर त्यांच्यासाठीही तारीख वेगळी काढून लिहावी.

नोटीस मराठीत आणि हिंदीत लावावी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं आहेत. ती मराठी बोलायला शिकतात, पण पगाराची गोष्ट त्यांना वाचून पूर्ण कळली पाहिजे. फळ्यावर लागण्याच्या अर्धा तास आधी सुपरवायझरांना ती वाचून दाखवावी, कारण पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार आहे, आणि ‘मलापण आत्ताच कळलं’ असं सुपरवायझरने म्हटलं की नोटिशीचं वजन अर्धं होतं. व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर जसाच्या तसा टाकावा. फळ्यावर एक आणि ग्रुपवर दुसरंच असं होऊ नये.

नोटीस नीट उतरली की नाही हे तासाभरात कळतं. लोक येऊन ‘साहेब, पण नक्की कधी?’ असं विचारत असतील, तर तारीख नीट लिहिलेली नाही किंवा तिच्यावर विश्वास बसलेला नाही. ‘माझा हप्ता 10 ला आहे, मी कोणाला भेटू?’ असं विचारत असतील, तर तारीख पोचली आहे आणि माणूस आता आपल्या घरचं गणित मांडतो आहे. कोणीच काही विचारत नसेल तर मात्र मालकाने बेसावध राहू नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की माणसं दुसरी नोकरी बघायला लागली आहेत, आणि चांगला वेल्डर किंवा डाय फिटर आधी जातो.

11 तारीख चुकणार असं 9 ला दिसलं तर? तर ते 9 लाच सांगायचं, नव्या तारखेसह आणि ती कशावर उभी आहे त्यासह. गणपतीच्या आधी निदान किती देता येईल ते सांगायचं. 11 च्या संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि तिसरी तारीख देण्याची पाळी आली, तर तो आता उशीर राहिलेला नाही. ज्या कंपनीला पगाराचे पैसे कुठून येणार हे सांगताच येत नाही, तिने ‘विलंब’ या शब्दामागे लपू नये. माणसांना तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे ती आपापली वाट शोधतील. हे सांगणं कठीण आहे, पण दोन महिने फुकट राबवून मग सांगणं हा अन्याय आहे.

पगार जमा झाल्यावर एक छोटी नोटीस पुन्हा लावावी : सर्वांचा ऑगस्टचा पगार जमा झाला, कोणाचा राहिला असेल तर आजच कळवा, सप्टेंबरचा पगार अमुक तारखेला. ही तिसरी नोटीस जवळजवळ कोणीच लावत नाही. तिच्याअभावी खाते क्रमांक चुकलेला एखादा हेल्पर आठवडाभर समजत राहतो की सगळ्यांचेच पैसे अडकले आहेत.

वाचक कामगार असेल तर त्याच्यासाठी थोडं. अशी नोटीस लागली की तिचा तारखेसह फोटो काढून ठेवा. हजेरीची नोंद, पगाराची पावती आणि पासबुकातल्या नोंदी जपून ठेवा. हप्ता चुकणार असं दिसलं तर हप्त्याच्या तारखेआधी बँकेला किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन करा आणि नोटिशीचा फोटो दाखवा. नोटिशीत तारीखच नसेल तर ती लेखी मागा. चारपाच जणांनी मिळून दोन ओळींचा अर्ज दिला तरी पुरे. दिलेली तारीख उलटून गेली आणि कोणी काही सांगत नसेल, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन तक्रार देता येते.